बिटकॉइनमध्ये घालायचेच असतील तर किती? उद्यमबागेतल्या एका घराचा हिशेब

जानेवारीतल्या एका संध्याकाळी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सुपरवायझर असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचं इन्कम टॅक्स रिटर्न दरवर्षी मीच भरतो. या वेळी हातात सौहार्द सोसायटीची ठेवपावती होती. रक्कम दीड लाख, मुदत पंधरा दिवसांत संपणारी.

“शिफ्टमधली पोरं सगळी घालूलालेत की, सर. मीच तेवढा मागं राहिलोय. हे दीड लाख बिटकॉइनला लावू काय?”

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. वही काढली आणि त्यांच्या घराचा हिशेब मांडायला बसलो. तो हिशेब इथे जसाच्या तसा देतो, फक्त ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पायऱ्या याच क्रमाने घ्या. क्रम चुकला की पुढची सगळी गणितं चुकतात.

आधी वाईटात वाईट काय होतं ते बघा

बिटकॉइन हे क्रिप्टोच्या, म्हणजे फक्त संगणकावर चालणाऱ्या नाण्यांच्या, बाजारातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं नाणं. तेच किती पडतं ते बघा. डिसेंबर २०१७ मध्ये भाव २० हजार डॉलरच्या जवळ होता. वर्षभरात तो साधारण ३२०० डॉलरवर आला, म्हणजे शंभरातले चौऱ्याऐंशी गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६९ हजारांच्या आसपास होता आणि पुढच्या नोव्हेंबरात १६ हजारांच्या खाली गेला. म्हणजे शंभरातले सत्त्याहत्तर. १२ मार्च २०२० या एकाच दिवशी भाव जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कोसळला होता. दर वेळी तो पुढे सावरला हे खरं. पण सावरायला वर्षं लागली, आणि पुढच्या वेळी सावरेलच असं सांगणारा कोणताही आधार या वस्तूच्या पोटात नाही. कारखान्याला नफा असतो, शेताला पीक असतं, ठेवीला व्याज असतं. बिटकॉइनला यातलं काही नाही. एकूण २.१ कोटींपेक्षा जास्त नाणी निघणार नाहीत अशी त्याची रचना आहे आणि ती घ्यायला लोक तयार आहेत, एवढ्यावर त्याची किंमत उभी आहे. बाकीच्या नाण्यांची गोष्ट याहून वाईट. मे २०२२ मध्ये लुना नावाचं नाणं आठवड्याभरात जवळपास शून्यावर गेलं, आणि ते तेव्हा जगातल्या मोठ्या नाण्यांत मोजलं जात होतं.

म्हणून मी प्रत्येकाला पंचाहत्तर टक्के घसरण नेहमीची धरायला सांगतो आणि शून्य शक्य धरायला सांगतो. या गृहस्थांचे दीड लाख पंचाहत्तर टक्के पडले असते तर एक लाख साडेबारा हजार गेले असते. सगळे खर्च आणि हप्ते जाऊन त्यांच्या घरात महिन्याला सहा हजार मोकळे उरतात. म्हणजे तेवढं भरून काढायला एकोणीस महिने. हे वहीत लिहिल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

घराची यादी

हातात पगार ४६ हजार. पत्नी वडगावात घरीच शिवणकाम करतात, त्याचे सरासरी आठ. घरखर्च, मुलांच्या शाळा आणि गावाकडे आईवडिलांना पाठवायचे धरून ३२ हजार. उरलेल्यातून म्युच्युअल फंडाची एसआयपी, रोजची शंभर रुपयांची पिग्मी आणि सोनं ठेवून काढलेल्या कर्जाचा हप्ता.

जमा बाजू अशी होती: पीएफ ४ लाख १० हजार, बँकेत मुदतठेव २ लाख, सोसायटीत दीड लाख, म्युच्युअल फंडात १ लाख ८० हजार, पिग्मीचे ३६ हजार. देणं म्हणजे सोन्यावरचं कर्ज, ९० हजार शिल्लक. राहतं घर, बायकोचे दागिने आणि खानापुराकडची वडिलांची दोन एकर भाताची जमीन मी यादीत धरली नाही. अडचणीत ते विकायचं मनात येऊ नये म्हणूनच ते बाहेर ठेवायचं.

आता या यादीतून पहिल्यांदा सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढायचा. ३२ हजार गुणिले सहा म्हणजे १ लाख ९२ हजार. त्यांची बँकेतली दोन लाखांची ठेव त्यासाठी पुरते, म्हणून ती ठेव यादीतून गेली. तिच्यावर पुढे कसलाही हिशेब करायचा नाही. इथे एक गोष्ट चिकोडी, अथणी, रायबाग भागातल्या ऊसवाल्यांसाठी सांगतो. तुमचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं आणि तेही कारखाना बिल काढेल तेव्हा. चौदा दिवसांत पैसे देण्याचा नियम कागदावर आहे, पण थकलेली बिलं कुणी पाहिली नाहीत? त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च तुम्हाला पुरणार नाही. एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंतचा, म्हणजे किमान बारा महिन्यांचा घरखर्च आणि पुढच्या लागणीचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय तुमची यादी पुढे सरकू नये. बिल जमा झालेल्या आठवड्यात खातं भरलेलं दिसतं आणि नेमका तेव्हाच कुणीतरी मोबाईलवर ॲप दाखवतो.

दुसरं, महागडं कर्ज. सोन्यावरच्या कर्जाचं व्याज दर महिन्याला नक्की जातं. ते फेडलं की तेवढं व्याज नक्की वाचतं. नक्की वाचणारे पैसे सोडून अनिश्चित वाढीमागे जाण्यात अर्थ नाही. म्हणून सोसायटीच्या दीड लाखातले ९० हजार तिकडे गेले आणि दागिने घरी आले. उरले ६० हजार.

तिसरं, विमा. कंपनीचं आरोग्य कवच होतं, पण ते नोकरीबरोबर जाणारं. जीवन विमा म्हणून एक जुनी, छोट्या रकमेची पॉलिसी होती. घरात दोन लहान मुलं आणि कमावणारा प्रामुख्याने एकच माणूस. टर्म इन्शुरन्स आणि कुटुंबाचा आरोग्य विमा मिळून पहिल्या वर्षाला सुमारे ३२ हजार लागले. ते त्या साठमधून गेले.

यानंतर यादीत राहिलं ते असं: पीएफ ४ लाख १०, सोसायटीतून आलेल्यातले २८, फंडात १ लाख ८० आणि पिग्मीचे ३६ हजार. बेरीज ६ लाख ५४ हजार. क्रिप्टोचा प्रश्न इथून सुरू होतो. दहातल्या सात जणांच्या बाबतीत इथवर येईपर्यंत रक्कम संपते, आणि मग माझं उत्तर सरळ असतं: सध्या काही घालू नका.

मर्यादा दोन बाजूंनी बांधायची

मी दोन मापं लावतो आणि त्यातलं लहान घेतो. पहिलं, यादीतल्या बेरजेच्या दोन टक्के. ६ लाख ५४ हजारांचे दोन टक्के म्हणजे १३ हजार ८०. दुसरं, तीन महिन्यांची मोकळी बचत. सहा हजार गुणिले तीन, म्हणजे १८ हजार. लहान आकडा १३ हजारांचा. खालच्या बाजूला गोल करून १२ हजार ठरले.

दोन टक्केच का? कारण ते शून्य झाले तर बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के वर्षभराच्या साध्या व्याजातच ती जागा भरून काढतात. वीस टक्के शून्य झाले तर तसं होत नाही. आणि बचतीचं दुसरं माप कशाला, तर पीएफ मोठा दिसल्यामुळे पहिलं माप फुगतं. ज्याच्या हातात महिन्याला हजारच उरतात, त्याचा पीएफ कितीही असो, त्याला वीस हजारांचा खड्डा भरायला दोन वर्षं जवळ येतात.

“बारा हजारानं काय होणार, सर?” असं त्यांनी विचारलं आणि प्रश्न रास्त होता. तिप्पट झाले तरी ३६ हजार होतील, नफा २४ हजार, त्यातला कर जाऊन हातात साडेसोळा हजार. घर बदलणार नाही. माझं मत विचाराल तर काहीच घातलं नाही तरी तुमचं काही चुकत नाही. पण ज्याला ही वस्तू पुढे टिकेल असं मनापासून वाटतं आणि बाहेर राहिल्याची टोचणी ज्याला एक दिवस सगळी ठेव मोडायला लावेल, त्याने ठरवून, मापून थोडं घातलेलं बरं.

आता मर्यादेतली सगळ्यात नाजूक गोष्ट. ही मर्यादा आयुष्यभरात घालायच्या एकूण रुपयांची आहे. आजच्या बाजारभावाशी तिचा संबंध नाही. हा फरक समजून घ्या, कारण शिकलेली माणसंही इथेच घसरतात. समजा बारा हजारांचे पंचाहत्तर टक्के पडून तीन हजार झाले. पुस्तकी नियमाने चालणारा म्हणेल, माझं प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली आलं, चला नऊ हजार घालून परत बारा करू. झाले एकूण २१ हजार. पुन्हा तेवढंच पडलं, पुन्हा नऊ हजार, झाले ३० हजार. कागदावर तो सतत दोन टक्क्यांतच आहे आणि खिशातून अडीचपट गेलेत. शेअर बाजाराच्या निर्देशांकात पडल्यावर भर घालण्यामागे कंपन्यांच्या कमाईचा आधार असतो. इथे तो नाही. म्हणून बारा हजार एकदा घातले की दार बंद. पडलं तरी, चढलं तरी.

वेगळं खातं ही खरी भिंत

भाव पडून होणारं नुकसान बारा हजारांत अडकतं. पण मर्यादा फोडून घरात घुसणारं नुकसान वेगळ्याच वाटेने येतं, आणि ते मी जवळून पाहिलंय.

निपाणीकडच्या एका मुलाने युएसडीटी म्हणजे डॉलरशी बांधलेलं नाणं एका अनोळखी माणसाला थेट विकलं. याला पी-टू-पी म्हणतात. ॲप फक्त दोघांची गाठ घालून देतं आणि पैसे एकाच्या बँक खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातात. भाव दोन-तीन रुपये जास्त मिळत होता. अठरा हजार जमाही झाले. तीन आठवड्यांनी एटीएममधून पैसे निघेनात. ते अठरा हजार दुसऱ्या राज्यातल्या कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक करून आलेले होते. त्या माणसाने तक्रार केल्यावर पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला ती खाती गोठली. याच खात्यात वडिलांच्या तंबाखूचे आलेले पैसे मिळून एक लाख चाळीस हजार होते. सगळेच अडकले. परराज्यातल्या तपास अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार, बँकेच्या फेऱ्या आणि नाणं कुठून घेतलं त्याचे पुरावे, असं करत पाच महिने गेले. मुलाने काही गुन्हा केला नव्हता. त्याने फक्त जास्त भावासाठी अनोळखी माणसाचे पैसे घेतले होते.

म्हणून पहिलं बंधन: पी-टू-पी व्यवहार अजिबात नाही. दुसरं: क्रिप्टोसाठी एक वेगळं बचत खातं उघडायचं, ज्यात पगार येत नाही, पिग्मी वळत नाही, गॅसची सबसिडी येत नाही. त्यात फक्त त्या महिन्याचा हप्ता पाठवायचा. मुख्य खात्याचं कार्ड किंवा यूपीआय कोणत्याही क्रिप्टो ॲपला जोडायचं नाही. उद्या काहीही झालं, खातं गोठलं, ॲपमधून पासवर्ड चोरीला गेला, तरी पलीकडे हात पोचतो तो एक-दोन हजारांपर्यंतच.

एक्स्चेंज निवडणं आणि हजार रुपयांची चाचणी

मार्च २०२३ पासून भारतात क्रिप्टोचा व्यवहार करून देणाऱ्यांना, म्हणजे एक्स्चेंजना, मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करणं भाग पडलं. नोंदणी नसलेल्या काही परदेशी एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या. निवडताना ही नोंदणी आहे का एवढं आधी बघा. नसेल तर पुढे बघूच नका.

पण नोंदणी म्हणजे हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या एक्स्चेंजवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. ग्राहकांच्या ठेवीतला जवळजवळ पंचेचाळीस टक्के भाग. पैसे काढणं बंद झालं आणि एक वर्षाहून जास्त काळ लोक सिंगापूरच्या न्यायालयातल्या प्रक्रियेकडे डोळे लावून बसले. भाव तेव्हा पडलेला नव्हता, नाणीच चोरीला गेली होती. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेवविमा महामंडळ देतं, तसं इथे कोणी नाही. सेबीकडे दाद मागता येत नाही. जाता जाता सांगतो, सौहार्द सोसायटीच्या ठेवीलाही तो ठेवविमा नाही. तो बँकांनाच आहे, आणि आपल्याकडे कितीतरी जण सोसायटीला बँकच समजतात.

नोंदणी पाहिल्यावर पहिल्या आठवड्यात हे करा. पॅन, आधार आणि ते वेगळं खातं जोडून एक हजार रुपये भरा. पाचशेचं बिटकॉइन घ्या. अख्खं नाणं घ्यावं लागत नाही, आठ दशांश स्थळांपर्यंत तुकडा मिळतो. दोन दिवसांनी त्यातलं थोडं विका आणि रुपये बँकेत परत मागवा. किती वेळ लागला, किती फी गेली, विकताना दाखवलेला भाव आणि घेताना दाखवलेला भाव यांत किती अंतर होतं, हे वहीत लिहा. हे अंतर हीच खरी फी असते. “फी शून्य” म्हणणाऱ्या काही ॲपमध्ये ते तीन-चार टक्के निघतं. पैसे परत यायला अडचण आली तर ते हजार रुपयांत कळलं, बारा हजारांत नाही.

आपल्या या गृहस्थांनी दोन एक्स्चेंजवर चाचणी केली आणि ज्यावर अंतर कमी होतं ते ठेवलं. नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढावीत का, असंही त्यांनी विचारलं. मोठ्या रकमेला माझं उत्तर हो असतं. पण स्वतःचं वॉलेट म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची किल्ली. ती हरवली तर नाणी कायमची गेली, आणि ती कुणाच्या हाती लागली तर लगेच गेली. बारा हजारांसाठी काही हजारांचं हार्डवेअर वॉलेट घेण्यात मला अर्थ दिसत नाही. एक्स्चेंज बुडण्याचा धोका आपण “शून्य शक्य” म्हणताना धरलेलाच आहे.

घेण्याची पद्धत

महिन्याला एक हजार, बारा महिने, पगाराच्या तारखेनंतर पाचव्या दिवशी. भाव बघून तारीख बदलायची नाही. याने भाव चांगलाच मिळतो असं नाही. पण सगळे पैसे शिखरावर अडकण्याची शक्यता कमी होते आणि मध्येच नोकरीत, घरात काही बदललं तर सातव्या महिन्यात थांबता येतं.

नाणं एकच, बिटकॉइन. त्याचं कारण पुढे कराच्या हिशेबात दिसेल. आणि ॲपमध्ये जे “फ्युचर्स” किंवा “मार्जिन” नावाचं बटण असतं ते पहिल्या दिवशीच बंद करून टाकायचं, बंद होत नसेल तर उघडायचं नाही. दहापट उधारीवर घेतलं तर भाव दहा टक्के उलटा गेला की तुमची रक्कम संपली. वर भाव परत आला तरी तुम्ही त्यात नसता. दहा टक्के हलणं हे बिटकॉइनला आठवड्याचं काम आहे. बारा हजारांची मर्यादा पाळूनही माणूस तीन दिवसांत रिकामा होतो आणि मग “एकदाच भरून काढतो” म्हणून मर्यादा मोडतो. माझ्याकडे आलेल्या मोठ्या नुकसानीच्या कहाण्यांत भावाने मारलेले कमी आणि या बटणाने मारलेले जास्त आहेत.

कर: इथे बरोबरीत सुटलात तरी हरता

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के. नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते, इतर कसलाही खर्च नाही. आणि खरा दणका पुढे आहे: एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या व्यवहारातल्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

आकड्यांत बघा. सहा हजारांचं एक नाणं घेतलं, सहा हजारांचं दुसरं. पहिलं नऊ हजारांना विकलं, तीन हजार नफा. दुसरं तीन हजारांना, तीन हजार तोटा. खिशात बारा हजारच आहेत. तरी कर लागतो, तीन हजारांवर ९०० आणि सेसचे ३६, एकूण ९३६ रुपये. नाणी जितकी जास्त आणि विकणं जितकं वारंवार, तितके असे तोटे वाया जातात. शेअरमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी थोडं थोडं घालणं शहाणपणाचं असतं, इथे करामुळे ते उलटं पडतं. एक नाणं, क्वचित विक्री.

१ जुलै २०२२ पासून विक्रीच्या पूर्ण रकमेवर एक टक्का टीडीएसही कापला जातो. हा टीडीएस नंतर करात वळता होतो, पण तोवर अडकतो. बारा हजारांवर वर्षात पन्नासदा घेणं-विकणं करणाऱ्याचे, भाव जागच्या जागी राहिला तरी, जवळजवळ पावणेपाच हजार टीडीएसमध्ये जातात आणि रिटर्न भरून परतावा येईपर्यंत तिथेच राहतात. एक नाणं देऊन दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच धरली जाते.

शेतकऱ्यांना हे विशेष सांगतो. “आमचं उत्पन्न शेतीचं, आम्हाला टॅक्स नाही” हे क्रिप्टोला लागू नाही. इतर करपात्र उत्पन्न शून्य असलं तरी क्रिप्टोच्या नफ्याला पहिल्या रुपयापासून ३० टक्के लागतात. नेहमीच्या करमुक्त मर्यादेचा आधार तिथे मिळत नाही. पॅनवर टीडीएस दिसतो, म्हणून खात्याला माहीत नाही असंही समजू नका.

फक्त घेतलं आणि विकलं नाही, तर त्या वर्षी कर नाही. विकलं की पगारदाराला साधा आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ घ्यावा लागतो आणि त्यात `Schedule VDA` हे पान भरावं लागतं: घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदी, विक्री. त्यासाठी वहीत प्रत्येक हप्त्याची तारीख, रुपये, मिळालेलं नाण्याचं प्रमाण आणि विकताना कापलेला टीडीएस एवढं लिहिलेलं असलं की पुरे. चाचणीत विकलेले शे-दोनशे रुपयेही त्यात येतात. एक्स्चेंजची स्टेटमेंट दर तीन महिन्यांनी उतरवून ठेवा. एक्स्चेंज बंद पडलं तर ती मिळत नाहीत आणि मग खरेदी किंमत सिद्ध करता येत नाही.

चढलं तर काय

पडलं तर काही करायचं नाही हे ठरलंच आहे. चढल्यावरचा नियमही आजच लिहून ठेवायचा, कारण तेव्हा डोकं थाऱ्यावर नसतं. नियम असा: क्रिप्टोची किंमत यादीच्या बेरजेच्या चार टक्क्यांपुढे गेली की निम्मं विकायचं. या घरात तो आकडा सुमारे २६ हजार. तिथे निम्मं म्हणजे १३ हजारांचं विकलं, तर त्याची खरेदी सहा हजार, नफा सात हजार, कर २१८४. हातात १० हजार ८१६ राहतात. घातलेल्या बारातले जवळजवळ अकरा घरी आले आणि निम्मी नाणी अजून शिल्लक. ते अकरा एसआयपीत जातात, परत क्रिप्टोत नाही. बारा हजारांची मर्यादा तेव्हाही संपलेलीच असते.

ओळखीच्या तोंडून येणारी फसवणूक

वरचं सगळं खऱ्या बिटकॉइनचं. आपल्या भागात मात्र जास्त पैसे बुडतात ते क्रिप्टोचं नाव लावलेल्या साखळी योजनांत. गेनबिटकॉइन नावाच्या अशाच योजनेने महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असं वचन दिलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिचा सूत्रधार अमित भारद्वाजला पकडलं तोवर हजारो लोक अडकले होते. तीच चाल नव्या नावाने हॉटेलच्या हॉलमध्ये चालू असते, आणि आणणारा असतो निवृत्त मास्तर, पतसंस्थेतला ओळखीचा किंवा भिशीतला भाऊबंद.

ओळखायला तीन प्रश्न पुरतात. ठरलेला परतावा रोज किंवा महिन्याला मिळतो का? खऱ्या बिटकॉइनला ठरलेला परतावा नसतोच. हे नाणं त्यांच्या ॲपबाहेर, दुसऱ्या नोंदणीकृत एक्स्चेंजवर विकता येतं का? येत नसेल तर स्क्रीनवरचा आकडा नुसता आकडा आहे. आणि पैसे काढताना “आधी टॅक्स भरा, मग सोडतो” म्हणतात का? खरं एक्स्चेंज टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापतं, तुमच्याकडून वेगळा भरून घेत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं की पुढे एक रुपयाही पाठवू नका. त्याच तासाला १९३० वर फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि सायबर गुन्हे बघणाऱ्या पोलिसांच्या सीईएन ठाण्यात जा. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, समोरच्याचं खातं किंवा यूपीआय, हे सगळं हाताशी ठेवूनच फोन लावा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेतल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ते चार खाती ओलांडून गेलेले असतात.

त्या संध्याकाळी निघताना गृहस्थांनी अर्ध्या पानावर चार ओळी लिहून घेतल्या: एकूण बारा हजार, महिन्याला एक, चार टक्क्यांपुढे निम्मं विकणे, पडल्यास भर नाही. खाली त्यांची सही आणि शेजारी पत्नीची. एक्स्चेंजचं नाव, वेगळ्या खात्याची बँक आणि लॉगिन कुठे लिहून ठेवलंय तेही त्या पानावर आहे, कारण उद्या त्यांना काही झालं तर घरात दुसऱ्या कुणालातरी हे शोधता आलं पाहिजे. पान कपाटात सोन्याच्या डब्याखाली ठेवलंय. परवा सातवा हप्ता गेला. भाव त्या आठवड्यात खाली होता. त्यांनी फोन केला तो एवढंच विचारायला की चाचणीत विकलेल्याचा दीड रुपया टीडीएस रिटर्नमध्ये दाखवावा लागेल काय. मी म्हटलं, हो, दाखवायचा.